रुग्णालयात गोवराचे पाच रुग्ण आणि बाहेर पत्रकार: प्रसिद्धीपत्रक कसं लिहायचं

शुक्रवार, २१ फेब्रुवारी, संध्याकाळचे सहा. मी एका जिल्ह्याच्या गावातल्या धर्मादाय रुग्णालयात जनसंपर्काचं काम बघत होतो. बॅग उचलून निघणार, तेवढ्यात एका दैनिकाच्या बातमीदाराचा फोन आला. "तुमच्याकडे गोवराची साथ आलीय म्हणे? एक मूल सिरीयस आहे ना? उद्याच्या अंकात घेतोय, तुमची बाजू द्या." मी "बघून सांगतो" म्हणालो आणि फोन ठेवताच पत्रक खरडलं: "परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात असून नागरिकांनी घाबरून जाऊ नये." वैद्यकीय अधीक्षक मॅडमनी ते वाचलं, कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "बुधवारी ओपीडीत बसलेल्या मुलांच्या आईबापांना यातून काय कळलं?"

काहीच नाही. त्या रात्री साडेनऊला जे पत्रक गेलं ते कसं तयार झालं, ते इथे क्रमाने लिहितो. रुग्णालयात नव्याने जनसंपर्काला लागलेल्यांना, किंवा लहान रुग्णालयात "तुझं मराठी चांगलं आहे, तूच लिही" म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडतं त्यांना, उपयोग होईल. उदाहरण गोवराचं आहे. आजार बदलला की मुदती आणि सूचना बदलतात, त्या तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

## १. लिहायला बसण्याआधी टेबलावर काय हवं

आधी कागद गोळा करा. मला हे लागले:

- रुग्णांची यादी: वय, पुरळ कधी उठलं, कधी दाखल झालं, किती डोस झालेत, नमुना कधी घेतला, अहवाल आला का. नावं तुमच्या प्रतीत नसलेलीच बरी.
- प्रयोगशाळेचे अहवाल, प्रत्यक्ष कागद. "लॅबवाले म्हणाले" हा अहवाल नव्हे.
- बालरोग ओपीडीचं रजिस्टर, वेळेसकट.
- नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना कळवल्याची पोच.
- लसीचा साठा किती आहे आणि उद्या किती मिळणार, हे लसीकरणाच्या सिस्टरकडून.

यातल्या पहिल्याच कागदाने मला फसवलं. बालरोग वॉर्डची यादी पाच जणांची होती आणि अतिदक्षता विभागाची एकाची, म्हणून मी सहा मोजले. ते सहावं मूल म्हणजे वॉर्डातून अतिदक्षता विभागात हलवलेलं पाचांतलंच एक होतं. वॉर्डच्या वहीत त्याचं नाव अजून खोडलं नव्हतं. दोन विभागांच्या याद्या कधीही नुसत्या बेरजेने जोडू नका. नोंदणी क्रमांक लावून बघा आणि अंतिम आकडा एकाच डॉक्टरच्या सहीने घ्या.

## २. संशयित किती, निश्चित किती

ताप आणि अंगावर पुरळ घेऊन आलेलं मूल हा संशयित रुग्ण. रक्तात गोवराची आयजीएम प्रतिपिंडं सापडली की निदान निश्चित. आमच्याकडे त्या संध्याकाळी पाच संशयित होते, त्यांतले दोन निश्चित झालेले, तिघांचे अहवाल यायचे होते. पत्रकात दोन्ही आकडे द्या आणि दुसरा पहिल्यात धरलेला आहे हे स्पष्ट लिहा. "पाच संशयित व दोन निश्चित" असं लिहिलंत की सकाळी सात छापून येतात. "एकूण पाच, त्यांपैकी दोघांचे निदान निश्चित" असं लिहा.

इथे एक बारीक खाच आहे. पुरळ उठल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्त घेतलं तर प्रतिपिंडं पुरेशी तयार झालेली नसतात आणि गोवर असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. आमच्या एका मुलाचं रक्त पुरळाच्या दुसऱ्याच दिवशी घेतलेलं होतं. अशा मुलाबद्दल "गोवर नाही" असं पत्रकात कधीच लिहू नका. डॉक्टर पुन्हा नमुना घेणार असतील तर "तपासणी सुरू आहे" एवढंच खरं.

आणि "साथ" किंवा "उद्रेक" हा शब्द आपला नाही. उद्रेक जाहीर करण्याचे निकष असतात आणि ते लावून तसं जाहीर करण्याचा अधिकार सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा. आपण फक्त आपल्याकडे किती रुग्ण आले ते सांगायचं. बातमीदाराने "म्हणजे साथच ना?" असं विचारलं तर "ते आरोग्य विभाग ठरवेल, आमच्याकडचे रुग्ण आम्ही त्यांना कळवलेत" इतकं पुरे. "छे छे, साथबिथ काही नाही" हे मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. तेही जाहीर करणंच झालं, उलट्या बाजूने.

## ३. वेळेचं गणित मांडा. पत्रक त्याच्याभोवती फिरतं

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. गोवराचं मूल पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि उठल्यानंतर चार दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतं. विषाणू हवेतून पसरतो आणि मूल निघून गेल्यावरही त्या खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. ज्याला प्रतिकारशक्ती नाही अशा मुलाने संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस घेतली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य राहतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लस देत नाहीत. त्याच्यासाठी आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या गरोदर बाईसाठी सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, देण्याचा विचार डॉक्टर करतात.

आता आमची घटना याच्यावर बसवून बघा. पहिलं मूल सोमवारी ३ फेब्रुवारीला ओपीडीत आलं. ताप, खोकला, नाक वाहतंय, डोळे लाल. अशी वीस मुलं त्या दिवशी होती. पुरळ बुधवारी ५ तारखेला उठलं, तेव्हा ते दाखल झालं. म्हणजे सोमवारी ते बाकावर बसलं होतं तेव्हाच संसर्ग देण्याच्या अवस्थेत होतं आणि ते ओळखण्याचा काहीही मार्ग नव्हता. पुढे १५, १६ आणि १८ तारखेला पुरळ उठलेली तीन मुलं आली. तिघंही ३ तारखेला त्याच बाकांवर बसून गेलेली. पाचव्या मुलाचा या कुणाशी संबंध सापडला नाही.

यातलं १८ तारखेच्या रात्री पुरळ उठलेलं मूल बुधवारी, १९ तारखेला सकाळी १०:१० ला ओपीडीत आलं. ११:४० ला डॉक्टरांनी पुरळ पाहिलं आणि लगेच वेगळ्या खोलीत हलवलं. हवेतले दोन तास धरले तर धोक्याची वेळ १०:१० ते १:४०. ७२ तास मोजले तर शनिवारी सकाळी दहा ते दुपारी पावणेदोन. आणि माझ्या घड्याळात शुक्रवारचे पावणेसात झाले होते.

रजिस्टरवरून सिस्टर्सनी फोन करायला सुरुवात केली होती, पण काही नंबर चुकीचे, काही बंद. शिवाय मुलासोबत आलेलं धाकटं भावंड रजिस्टरात कुठे असतं? त्या कुटुंबांपर्यंत पोचायचा एकच रस्ता उरला होता, उद्या सकाळचं वर्तमानपत्र आणि आज रात्रीचे व्हॉट्सॲप ग्रुप. सहा वाजता मी पत्रकाला बातमीदाराला द्यायचं उत्तर समजत होतो, ते खरं तर बोलावणं होतं.

## ४. अडचणीचं वाक्य आधी लिहा

पाचपैकी तिघांना संसर्ग आमच्याच ओपीडीत झाला असण्याची शक्यता होती. एका विश्वस्तांचं म्हणणं होतं की हे वाक्य नको, लोक यायचे बंद होतील. मलाही मनातून तसंच वाटत होतं. मॅडमनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, त्या तिघांपैकी दोन आया एकाच गल्लीत राहतात, त्यांचं आपसात कधीच बोलणं झालेलं आहे. बातमीदाराला फोन आला तो तिथूनच. दुसरं, हे वाक्य गाळलं तर "बुधवारी इथे बसलेल्यांनी उद्या लस घ्यायला या" असं कोणत्या तोंडाने सांगणार? कारण न देता बोलावलं तर लोक जास्त घाबरतात.

म्हणून माझी पद्धत आता अशी आहे की जे वाक्य लिहायला हात थांबतो ते सगळ्यात आधी कागदावर उतरवायचं. त्याला कारण जोडायचं, पण सबब जोडायची नाही. "पुरळ उठण्यापूर्वी हा आजार साध्या सर्दी-तापासारखा दिसतो, त्यामुळे त्या दिवशी निदान होऊ शकले नाही" हे कारण. "रुग्णालयाने सर्व नियम पाळले होते" ही सबब, आणि ती खरी आहे की नाही हे त्या रात्री कुणालाच ठाऊक नसतं.

## ५. सरकारी मराठी उतरवून ठेवा

आपल्या पत्रकांची एक ठरलेली भाषा आहे. "रुग्णांना आवश्यक ते सर्व उपचार देण्यात येत असून परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवण्यात येत आहे. प्रशासन सतर्क असून युद्धपातळीवर उपाययोजना करण्यात येत आहेत." ही वाक्यं खोकल्याच्या रुग्णाला लागू होतात तशी लिफ्ट बंद पडल्यावरही लागू होतात. "ठेवण्यात येत आहे" म्हटलं की लक्ष कोण ठेवतंय ते सांगावं लागत नाही, म्हणून ते लिहिणाऱ्याला सोयीचं पडतं. कर्ता वाक्यात आणा. "बालरोगतज्ज्ञ दिवसातून तीनदा तपासतात" यात माणूस दिसतो.

"घाबरू नका" काढूनच टाका. आई घाबरलेली असेल तर या दोन शब्दांनी ती थांबत नाही. तिला विचारायचं असतं ते "माझं बाळ तिथे होतं का, आता मी काय करू, कधीपर्यंत". ही तीन उत्तरं मिळाली की आवाज आपोआप खाली येतो.

शब्दही लोकांचे वापरा. गोवर आणि कांजिण्या यांत आपल्याकडे खूप घोळ होतो. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात, गोवरात लाल पुरळ चेहऱ्यापासून सुरू होऊन खाली उतरतं. हे एका वाक्यात पत्रकात यायला हवं. काही घरांत पुरळ उठलं की "देवी आली" म्हणून मुलाला लिंबाच्या पाल्यावर ठेवतात आणि दवाखान्यात नेत नाहीत. त्यावर पत्रकातून टोमणा मारू नका. श्वास जोरात चालला, मूल दूध पीत नाही, सुस्त पडलंय, ही लक्षणं दिसली तर ताबडतोब आणा, एवढं लिहिलं की काम होतं.

आजाराचं स्वरूप सांगताना शब्द चुकला तर काय होतं याचा अनुभव पुणेकरांनी २०२५ च्या जानेवारीत घेतला. सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढले. तो विकार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, पण त्याच्या आधी होणारा जुलाबाचा संसर्ग दूषित पाण्यातून किंवा अन्नातून येऊ शकतो. "संसर्गजन्य नाही" म्हटलं तर लोक पाणी उकळायचे नाहीत, "संसर्गजन्य" म्हटलं तर रुग्णाच्या घरी जायचे नाहीत. अशा वेळी एक विशेषण पुरत नाही, साखळी पूर्ण वाक्यात सांगावी लागते.

## ६. ओळख पटू देऊ नका

नाव दिलं नाही म्हणजे झालं, असं नाही. "अमुक चाळीतला १४ महिन्यांचा मुलगा अतिदक्षता विभागात" एवढ्यावरून आमच्या गावात अर्ध्या तासात कॅमेरा दारात पोचतो. वय, वस्ती आणि प्रकृती या तीन गोष्टी एकत्र कधीच देऊ नका. आम्ही "पाचही रुग्ण सहा वर्षांखालील" एवढंच दिलं. रुग्णाची गोपनीयता पाळणं हे डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनेही बंधनकारक आहे, त्यामुळे बातमीदाराने आग्रह धरला तर तसं सांगता येतं.

वस्तीचं नाव गाळण्याचं आणखी एक कारण आहे. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवर पसरला तेव्हा गोवंडीचं नाव रोज छापून येत होतं. वस्तीचं नाव चिकटलं की तिथले लोक बोटं दाखवली जातील म्हणून मागे सरकतात आणि बाहेरच्यांना वाटतं, आपल्याकडे काही नाही. लसीबद्दलही तेच. "पालकांनी लस दिली नाही" असं लिहू नका. पाचांपैकी तिघांना एकही डोस मिळालेला नव्हता, एकाला एक मिळालेला होता आणि एक बाळ नऊ महिन्यांच्या आतलं, म्हणजे त्याची नियमित लसीची वेळच आली नव्हती. हे असंच्या असं लिहिलं की दोष कुणालाच न देता सगळं कळतं.

## ७. पत्रक

शेवटी गेलं ते हे. रुग्णालयाचं नाव आणि फोन नंबर काढले आहेत.

> प्रसिद्धीपत्रक क्र. १ — शुक्रवार, २१ फेब्रुवारी, रात्री ९:३०
>
> बुधवारी, १९ फेब्रुवारीला सकाळी १०:१० ते दुपारी १:४० या वेळेत आमच्या बालरोग ओपीडीत आलेल्या मुलांना गोवराचा संसर्ग होण्याची शक्यता आहे. या वेळेत आलेल्या आणि गोवर-रुबेला लसीचे दोन डोस पूर्ण न झालेल्या, सहा महिने व त्यावरील मुलांना उद्या शनिवारी सकाळी ७ वाजल्यापासून, शक्यतो १० च्या आत, लसीसाठी आणावे. लस मोफत आहे. ही लस संपर्कानंतर ७२ तासांत घेतल्यास आजार टळू शकतो किंवा सौम्य राहतो.
>
> सहा महिन्यांखालील बाळ किंवा गरोदर महिला त्या वेळेत तिथे असल्यास खालील क्रमांकावर आजच फोन करावा. त्यांच्यासाठी वेगळा उपाय आहे व त्याची मुदत मंगळवारपर्यंत आहे.
>
> ५ फेब्रुवारीपासून आजपर्यंत आमच्याकडे गोवरसदृश लक्षणांची एकूण ५ मुले दाखल झाली. त्यांपैकी २ मुलांचे निदान प्रयोगशाळेत निश्चित झाले असून ३ अहवाल यायचे आहेत. एका मुलाला न्यूमोनिया झाला असून ते अतिदक्षता विभागात ऑक्सिजनवर आहे. चार मुलांची प्रकृती स्थिर आहे. एकही मृत्यू झालेला नाही. पाचही रुग्ण सहा वर्षांखालील आहेत. तिघांना लसीचा एकही डोस मिळालेला नव्हता, एकाला एक डोस मिळाला होता, एक बाळ नियमित लसीच्या वयाचे झालेले नाही.
>
> पाचपैकी तीन मुले ३ फेब्रुवारीला आमच्या ओपीडीत येऊन गेली होती. त्यांना संसर्ग तेथेच झाला असण्याची शक्यता आहे. त्या दिवशी तेथे आलेल्या एका मुलाला दोन दिवसांनी गोवराचे पुरळ उठले. पुरळ उठण्यापूर्वी हा आजार साध्या सर्दी-तापासारखा दिसतो. तो नेमका कसा पसरला याची तपासणी आम्ही आरोग्य विभागासोबत करत आहोत.
>
> आजपासून ताप व पुरळ असलेल्या मुलांसाठी मागील दाराशी वेगळी खोली सुरू केली आहे. मुलाला ताप, खोकला, लाल डोळे आणि चेहऱ्यापासून खाली पसरणारे लाल पुरळ असेल तर येण्यापूर्वी फोन करा आणि मागील दाराने या. श्वास जोरात चालणे, दूध न पिणे किंवा सुस्ती असल्यास वाट न पाहता आणा.
>
> पुढील माहिती उद्या, शनिवारी सायंकाळी ५ वाजता. माहिती फक्त वैद्यकीय अधीक्षक देतील.

पहिल्या परिच्छेदात पाच रुग्णांचा आकडाच नाही, हे मुद्दाम. व्हॉट्सॲपवर पत्रकाचा फोटो फिरतो तेव्हा खालचा भाग कापला जातो. वरचा तुकडा एकटा फिरला तरी एखादं मूल वेळेत पोचेल, असा तो असावा. अतिदक्षता विभागातल्या मुलाचं वाक्यही लपवलं नाही, कारण बातमीदाराला ते माहीतच होतं. आपण लिहिलं तर "एक मूल ऑक्सिजनवर" छापतात, नाही लिहिलं तर "एक मूल मृत्यूशी झुंज देतंय" छापतात.

"लस घेतलेल्या मुलांना काहीही धोका नाही" हे वाक्य माझ्या मसुद्यात होतं, ते डॉक्टरांनी खोडलं. पहिल्या डोसनंतर साधारण १५ टक्के मुलांत पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही, म्हणून तर दुसरा असतो. एक डोस झालेलं आमचं मूल हेच त्याचं उदाहरण होतं. मी ते वाक्य ठेवलं असतं तर खालच्याच परिच्छेदाने मला खोटं पाडलं असतं.

## ८. पाठवण्याआधी चार फोन

पहिला नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. परवानगी मागायला नव्हे, तर त्यांचा आणि आपला आकडा एकच आहे का हे बघायला. नसेल तर फरक का, ते दोघांनाही सांगता यायला हवं. दुसरा त्या पाच कुटुंबांना, किंवा वॉर्डातच असतील तर समोर जाऊन. आपल्या मुलाबद्दल पेपरात वाचायची पाळी त्यांच्यावर येऊ नये. तिसरा लसीकरणाच्या सिस्टरला. गोवर-रुबेलाची कुपी एकदा मिसळली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकावी लागते. त्यामुळे किती कुप्या, किती वाजता उघडायच्या याचा अंदाज तिला आधी हवा. तुम्ही सातला बोलवाल आणि लस साडेनऊला येणार असेल, तर शांत पत्रकाचं भांडण रांगेत होईल. चौथा स्वागतकक्षाला आणि रात्रीच्या वॉचमनला. शनिवारी पहाटे पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो, आणि "मला काही म्हाईत नाही" हे त्याचं उत्तर तुमच्या पत्रकापेक्षा वेगाने गावात फिरतं.

पाठवताना फक्त पीडीएफ किंवा फोटो पाठवू नका. युनिकोडमधला साधा मजकूर ईमेलच्या अंगातच चिकटवा. काही दैनिकांत अजून जुन्या फॉन्टमध्ये पान लागतं आणि बदलताना अक्षरं फुटतात. म्हणून वार शब्दात आणि तारीख आकड्यात, दोन्ही लिहा. एक बिघडलं तरी दुसरं वाचता येतं. आमच्याकडे जिल्ह्याचं पान दहाच्या सुमारास बंद होतं, साडेनऊ म्हणजे अगदी काठावर होतं.

## ९. बातमीदारांचे प्रश्न

पत्रक गेल्यावर पंधरा मिनिटांत फोन सुरू होतात. आम्हाला आलेले आणि मॅडमनी दिलेली उत्तरं:

"अजून किती रुग्ण वाढतील?" — "संपर्कानंतर पुरळ उठायला साधारण दोन आठवडे, काही वेळा एकवीस दिवस लागतात. त्यामुळे पुढच्या काही दिवसांत नवे रुग्ण दिसू शकतात. दिसले तर आम्ही सांगू." आकडा मागितला तरी दिला नाही. पण "वाढणार नाहीत" असंही म्हणाल्या नाहीत. आज ही शक्यता सांगून ठेवली की पुढच्या आठवड्यातला सहावा रुग्ण "रुग्णालयाचा दावा फोल" या मथळ्याखाली येत नाही.

"निष्काळजीपणा कुणाचा?" — "३ तारखेला निदान शक्य नव्हतं. १९ तारखेला पुरळ असलेलं मूल दीड तास बाकावर बसलं, ते आधी वेगळं बसायला हवं होतं. म्हणूनच दाराशी तपासणी सुरू केली." हे उत्तर ऐकून विश्वस्तांनी कपाळाला हात लावला होता. पण त्या बातमीदाराचा तो शेवटचा प्रश्न ठरला. कबूल केलेल्या गोष्टीवर दुसरा प्रश्न काय विचारणार?

"ओपीडी बंद करणार का?" — "नाही. ताप-पुरळाची मुलं मागून, बाकीची समोरून."

माहीत नसेल तिथे "माहीत नाही, उद्या पाचला सांगते" असं उत्तर द्यायचं, आणि मग पाचला खरंच सांगायचं.

## १०. दुसऱ्या दिवशी पाच वाजता

काही नवं नसलं तरी ठरल्या वेळी पत्रक जायलाच हवं. शनिवारी आमच्याकडे सांगायला होतं. आणखी एक अहवाल पॉझिटिव्ह, म्हणजे निश्चित रुग्ण तीन. पुरळाच्या दुसऱ्या दिवशी रक्त घेतलेल्या मुलाचा अहवाल निगेटिव्ह, नमुना पुन्हा घेतला. आकडा बदलला की वाचणाऱ्याला जुना आणि नवा दोन्ही दिसू द्या: "काल २, आज ३, एकूण रुग्ण ५ च." नुसतं "३ रुग्ण निश्चित" लिहिलं तर लोक कालच्या पाचात ते मिळवतात.

रविवारी एका दैनिकात "आठ बालकांना गोवर" आलंच. मी चिडून खुलासा लिहायला बसलो होतो. त्याऐवजी पत्रक क्र. ३ मध्ये सगळ्यात वर छोटा तक्ता टाकला: तारीख, एकूण, निश्चित. बातमीदाराला तो पाठवून "तुमचे आठ म्हणजे पाच अधिक तीन झालेत" एवढंच लिहिलं. सोमवारी दुरुस्ती छापून आली, आतल्या पानावर का होईना.

पत्रकं किती दिवस द्यायची, हेही पहिल्याच रात्री ठरवून ठेवा. आम्ही पहिला आठवडा रोज, मग सोमवार-गुरुवार अशी दिली. शेवटची तारीख १९ फेब्रुवारीच्या संपर्कापासून २१ दिवस मोजून १२ मार्च काढली. नवा संपर्क झाला असता तर ती पुढे सरकली असती. मधल्या काळात त्या बुधवारच्या संपर्कातल्या दोन मुलांना पुरळ उठलं. दोघांच्याही घरच्यांनी आधी फोन केला आणि मागच्या दाराने आणलं, त्यामुळे ओपीडीत नव्याने कुणाचा संपर्क झाला नाही. शेवटचं पत्रक तीन ओळींचं होतं: एकूण रुग्ण सात, सगळे घरी गेले, ताप-पुरळाची वेगळी खोली कायम राहणार. ते एकाही दैनिकाने छापलं नाही. आम्ही ते छापून मागच्या दारावर चिकटवलं, फोन नंबरसकट.